कानातला बिल्ला आणि न विचारलेले उत्तर

आमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी जी मंडळी जमतात, त्यांच्या मते माझ्या धाकट्या भावाचा बैल माझ्या सुनेच्या मोबाईलने मारला. भावाच्या मेहुण्याचे म्हणणे निराळे. त्याच्या मते विम्याचे पैसे माझ्या पत्रलेखनाच्या हौसेपायी बुडाले. आणि बाहेरगावी नोकरीला असलेला माझा मुलगा फोनवर सांगतो की, मी थोरला असून त्या दिवशी भावाला अडवले नाही, म्हणून हे झाले. या तिन्ही हकिकती खोट्या आहेत. त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी गोठ्यात उभा नव्हता. मी होतो. म्हणून हे लिहून ठेवतो.

मी औंढ्याच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शेती कधी केली नाही. ती भावाने केली, त्याची आणि माझ्या वाट्याचीही. त्याच्याकडे लाल कंधारी बैलांची जोडी होती. ट्रॅक्टर आल्यापासून शिवारात जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, त्यामुळे हळदीत आणि कापसात जिथे चाक जात नाही तिथे भावाच्या जोडीला आवतण असे. त्याचे घर त्यावर चाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची मान त्यावर ताठ असे. ‘कुणाची जोडी हाय?’ असे कोणी विचारले की तो उत्तर देण्याआधी थोडा थांबायचा. ते थांबणे मी पाहिलेले आहे.

मृगाच्या सुमारास गावात पशुवैद्यक आले, तेव्हा भावाने दोन्ही बैलांचा विमा उतरवला. डॉक्टरांनी जनावरे तपासली, कानात पिवळे बिल्ले टोचले, बिल्ल्याचा नंबर स्पष्ट दिसेल असे मालकासह फोटो काढले. भावाचा फोन बटणांचा, म्हणून पॉलिसी माझ्या फोनवर आली. इंग्रजीत, बारीक अक्षरात, बरीच लांब. मी ती उघडली, पहिले पान वाचले, भावाचे नाव आणि दोन नंबर बरोबर आहेत हे पाहिले आणि बंद केली. याबद्दल मला कोणी दोष देऊ नये. विमा घेणाऱ्यांपैकी पहिले पान तरी किती जण वाचतात, ते मला माहीत आहे.

पोळा झाला. त्यानंतर पाऊस लांबला, आणि शिरड शहापूरकडच्या वस्त्यांवर जनावरे मरू लागल्याची बातमी आली. घटसर्प. गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि सकाळी वैरण खाल्लेले जनावर संध्याकाळी आडवे होते. आधी ती बातमी पुलापलीकडची होती. मग अलीकडची झाली. केंद्रावर माणसे दूध घालताना आवाज खाली आणून बोलू लागली, जणू मोठ्याने बोललेले गोठ्यात ऐकू जाईल.

आमच्या जनावरांना लस टोचलेली होती. तरीही एका संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला आणि ओसरीच्या कडेला बसला.

“दादा, त्या इम्याच्या कागदात काय लिवलंय?”

“इंग्रजीत आहे. वाचून सांगतो.”

“तीन महिने झाले, वाचूनच राहिला तू.”

माझी सून अंगणवाडी सेविका आहे. तिचे अहवाल लिहायला ती मोबाईलमधल्या एआयची मदत घेते, मराठीत. ती म्हणाली, “मामा, द्या इकडं. सगळं टाकते त्याच्यात आन इचारते.”

यानंतर जे घडले, तिथपासून केंद्रावरची हकीकत चुकते, म्हणून नीट सांगतो. तिने माझ्या फोनवरून पॉलिसी स्वतःच्या फोनवर घेतली, सगळा मजकूर उचलून त्या खिडकीत चिकटवला आणि प्रश्न टंकायला लागली. मी हरकत घेतली. ‘विम्यात काय आहे’ हा प्रश्न नव्हे. प्रश्नाला हेतू लागतो, मर्यादा लागते. चाळीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले. “आधी ठरव, तुला काय जाणून घ्यायचे आहे,” असे मी म्हणालो. ती म्हणाली, “मामा, तुमीच सांगा मंग.” मी सांगू लागलो, भाऊ मधेच बोलू लागला, मी त्याला थांबवले, आणि या गोंधळात तिचा अंगठा लागून तो मजकूर तसाच पाठवला गेला. प्रश्नाविना. नुसती पॉलिसी.

“गेलं,” ती म्हणाली.

“परत बोलव.”

“परत न्हाई येत, मामा. उत्तर येऊन राहिलं बघा.”

प्रश्न नसताना आलेले उत्तर ऐकायला मी नाराज होतो आणि ती नाराजी मी बोलूनही दाखवली. भाऊ म्हणाला, “दादा, त्याला शाळेत घालायचं का? वाचू दे पोरीला.”

तिने वाचले. मी आजवर अनेक परिपत्रके वाचली आहेत, त्यामुळे सांगू शकतो की त्या इंग्रजीतून इतके सरळ मराठी काढणे सोपे नव्हते. एआयने आधी सांगितले की, ही जनावराच्या विम्याची पॉलिसी आहे, सोबत प्रश्न नाही, म्हणून बहुतेक लोक जिथे अडकतात त्या गोष्टी वेगळ्या काढतो. मग एकेक. विमा सुरू झाल्यापासून पहिल्या एकवीस दिवसांत आजाराने मेले तर पैसे नाहीत. अपघात मात्र पहिल्या दिवसापासून धरला जातो. विम्याआधीचा आजार असेल तर नाही. चोरी झाली, हरवले तर नाही. लस टोचली नसेल, उपचार केले नसतील, मुद्दाम हेळसांड केली असेल तर नाही. नुसते लंगडे झाले, कामातून गेले, तर या पॉलिसीत नाही. कळवल्याशिवाय दुसऱ्या भागात नेले तर नाही.

प्रत्येक ‘नाही’बरोबर भाऊ मान हलवीत होता. हे आपल्याला लागू नाही, तेही नाही. त्याचा चेहरा सैल होत गेला.

मग दावा कसा करायचा ते आले. जनावर मेले की लगेच कंपनीला कळवा. डॉक्टरांनी पाहण्याआधी पुरू नका, हलवू नका. बिल्ला दिसेल असे फोटो काढा. शवविच्छेदनाचा दाखला आणि कानाच्या तुकड्यासह बिल्ला जमा करा. मरण्याच्या वेळी बिल्ला कानात नसेल तर दावा मान्य होणार नाही. बिल्ला पडला तर ताबडतोब कळवा, डॉक्टरांकडून नवा बसवून घ्या आणि नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्या. ‘ताबडतोब’ म्हणजे किती वेळ, ते या मजकुरात लिहिलेले नाही, असेही त्याने म्हटले.

आणि शेवटची ओळ अशी होती: “तुमची नेमकी काळजी मला माहीत नाही. ती सांगितलीत तर त्यावर बोलता येईल. तोवर एक गोष्ट मी इथून पाहू शकत नाही, ती तुम्ही पाहा: पॉलिसीतले नंबर आणि जनावरांच्या कानांतले नंबर जुळतात का.”

भावाने मान हलवणे थांबवले होते.

“काय झाले?” मी विचारले.

तो उठला आणि गोठ्याकडे गेला. आम्ही मागोमाग. उजेड अजून होता. धुरी केलेली असूनही माश्या घोंगावत होत्या. उजवीकडच्या बैलाच्या कानात पिवळा बिल्ला होता. डावीकडच्याच्या कानात नव्हता. तिथे एक फाटलेले, हळद माखलेले भोक होते.

“पोळ्याला काढला,” भाऊ म्हणाला. “कान चिघळला व्हता. आन दादा, ज्या दिवशी त्याला देव म्हनून ओवाळायचं, पुरनपोळी चारायची, त्या दिवशी कानात नंबर? कैदी हाय का तो?”

“दुसऱ्याचा का ठेवलास मग?”

“त्याचा चिघळला न्हाई. वरून गोंडा बांधला, झाकून गेला.”

कोनाड्यातून त्याने बिल्ला काढून दाखवला. कापल्याशिवाय तो निघतच नाही, त्यामुळे दोन तुकडे. भाऊ त्यांच्याकडे असा पाहत होता, जणू त्यांना आता कुठे तोंड फुटले.

केंद्रावरची मंडळी म्हणतात, मोबाईलने अपशकुन केला. अपशकुन पोळ्यालाच झाला होता, पक्कडीने. मोबाईलने तो फक्त मोठ्याने वाचला. आणि वाचला नसता तर? भाऊ त्याच भोकासह निश्चिंत झोपत राहिला असता. मी माझी हरकत पूर्ण मागे घेत नाही, प्रश्नाविना उत्तर देणे ही शिस्त नव्हे. पण आम्हा तिघांपैकी एकालाही तो प्रश्न सुचला नसता, एवढे मी मान्य करतो. ज्याला सुचला असता, तो भाऊ तर बिल्ल्याला कैद्याचा नंबर समजत होता.

दुसऱ्या सकाळी मेहुणा आला. त्याच्याकडे उपाय तयार होता. “दाजी, तार घालून बसवा की. फेविक्विक लावा. मेल्यावर कोन बघतंय कानात?”

“मेल्यावर कानातच बघतात,” मी म्हणालो.

“गुरुजी, तुमी कागदातली मानसं. तुमी कळवलं तर ते म्हनतील, तुमीच काढला, जा घरी.”

ही शक्यता खरी होती, आणि मी ती नाकारली नाही. सुनेने या वेळी रीतसर प्रश्न टंकला: बिल्ला मालकाने कापला, जनावर आज धडधाकट आहे, काय करावे? उत्तर आले की, मालकाने स्वतः काढलेल्या बिल्ल्याबद्दल पॉलिसी काही बोलत नाही, त्यामुळे कंपनी काय म्हणेल ते सांगता येत नाही. जुना बिल्ला चिकटवू नका, ती फसवणूक ठरेल आणि दुसऱ्या बैलाचा विमाही अडचणीत येईल. जनावर जिवंत आणि निरोगी असतानाच खरे कारण लिहून कळवा, डॉक्टरांकडून तसे लिहून घ्या, पोहोच जपून ठेवा. नवा नंबर चढल्यावर ते एकवीस दिवस पुन्हा मोजले जातात का, हेही लेखी विचारा, कारण मजकूर त्यावर गप्प आहे.

पत्र मी लिहिले. सत्य लिहिले, एकही विशेषण न घालता. सुनेने ते ईमेलने पाठवले. मेहुणा ज्याला माझी हौस म्हणतो, ती ही.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. डॉक्टर गावोगावी लस टोचत फिरत होते, आमच्याकडे यायला त्यांना सवड नव्हती. नवा नंबर चढेपर्यंत तो बैल विम्याच्या आत आहे की बाहेर, हे कोणीच सांगू शकत नव्हते. भाऊ पहाटे उठून आधी त्याच्या गळ्याखाली हात घाली. पुसेगावला गेलेला एक पाहुणा परत येताना वाटेत तीन खड्डे पाहिल्याचे सांगून गेला, ताजी माती आणि वर चुना. नाल्यापलीकडच्या वाड्यातली म्हैस गेली. वारा त्या बाजूने आला की भाऊ गोठ्याच्या कुडाला पोते बांधी. पोत्याने काय अडते? मी विचारले नाही.

अखेर डॉक्टर आले. फाटलेल्या डाव्या कानाला हात न लावता उजव्या कानात नवा बिल्ला बसवला, जखम का झाली ते लिहून दिले, फोटो काढले. काही दिवसांनी कंपनीचे उत्तर आले: नवा नंबर नोंदवला आहे, मूळ मुदत कायम आहे, दिवस पुन्हा मोजले जाणार नाहीत. मी ते पत्र केंद्रावर नेऊन मोठ्याने वाचले. मेहुणा त्या दिवशी दूध घालायला आलाच नाही. मला वाटले, संकट टळले.

भाद्रपद संपता संपता तोच बैल दावणीला खाली बसला, तो उठला नाही. सकाळी कडबा चघळला होता. दुपारी तोंडातून लाळ, गळ्याखाली सूज, आणि तो आवाज. तो आवाज मी वर्णन करणार नाही. डॉक्टर इंजेक्शन घेऊन पोहोचले तेव्हा भाऊ त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता आणि आवाज थांबला होता.

सुनेने कंपनीला फोन केला. पलीकडून सांगितले, फोटो पाठवा, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या, मग पुरायला हरकत नाही. म्हणजे सगळे जुळले होते. बिल्ला कानात होता, नंबर पॉलिसीवर होता, लस टोचलेली होती, खबर वेळेत दिली होती. उरले होते ते एकच.

डॉक्टर म्हणाले, “लक्षणं घटसर्पाची हायत, पण लस टोचलेलं जनावर हाय. पोट उघडल्याबिगर कारण लिहिता येनार न्हाई, गुरुजी.”

आमच्या घरचे बैल बांधाच्या कडेला पुरलेले आहेत. आजोबांचे, वडिलांचे. सगळे अखंड. नवे फडके, हळदकुंकू, नारळ, आणि घरातल्या बायका माती लोटतात. कधी कोणाच्या अंगाला सुरी लागलेली नाही. मला हे ठाऊक होते, तरी मी भावाला म्हणालो, “होऊन जाऊ दे. त्याला आता काही कळत नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. सुनेला म्हणाला, “पोरी, ते वाच परत. चिरायचं हाय ते.”

तिने फोन उघडला आणि वाचले. शब्द तेच होते, सोपे, एकाचे दोन अर्थ निघणार नाहीत असे. शवविच्छेदनाचा दाखला. कानाच्या तुकड्यासह बिल्ला.

“न्हाई चिरलं तर?”

“तर न्हाई मिळणार, काका.”

“थोडं बी न्हाई?”

“यात तसं कुठंच न्हाई लिहिलं.”

“बराबर.” तो बराच वेळ त्या उजव्या कानाशी बोटांनी खेळत राहिला. मग म्हणाला, “एकदा माझ्या हातानं कान फाडला त्याचा. बास झालं. डाक्टर, चहा घ्या आन जा तुमी.”

मी ओरडलो. माझ्या मुलाने हे ऐकून घ्यावे. मी शेजारपाजार गोळा होईल इतका ओरडलो. म्हणालो, तुला दुसरा बैल कुठून मिळणार, एका बैलावर तिफन चालते का, इतकी पत्रे कशासाठी लिहिली? डॉक्टरांना म्हणालो, थांबा. सुनेला म्हणालो, त्याला समजावून सांग. त्यावर तिने जे उत्तर दिले, ते मी विसरणार नाही.

“मामा, त्यांला समजलंय.”

आणि तेच खरे होते. विम्याच्या कागदात फसलेली माणसे मी पाहिली आहेत. मागाहून कपाळावर हात मारतात, आम्हाला कुणी सांगितले नाही म्हणतात. माझ्या भावाला सगळे सांगितलेले होते. काय मिळेल, कशाने जाईल, कोणत्या क्षणी जाईल, हे त्याच्याइतके स्पष्ट या पंचक्रोशीत कोणाला माहीत नसेल. त्याने ते ऐकले, पुन्हा वाचायला लावले, आणि नको म्हणाला. पैसे मोबाईलने बुडवले नाहीत, माझ्या पत्राने तर नाहीच. पत्राने ते त्याच्या हातापर्यंत आणले होते. अडवायचे म्हणाल, तर जो माणूस समजून उमजून नको म्हणतो, त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्या थोरल्याला आहे, ते माझ्या मुलाने मला लिहून कळवावे.

सूर्य मावळण्याआधी खोल खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला बांधाला पुरले. बिल्ल्यासह.

आता एकच बैल आहे. भाऊ त्याला दुसऱ्याच्या एकट्या बैलाबरोबर सावडीने जुंपतो. खांदे जुळत नाहीत, तास वाकडे जातात. कोणी विचारले, ‘कुणाची जोडी?’ तर तो थांबत नाही, लगेच दुसऱ्या बैलाच्या मालकाचे नाव सांगतो.

आज सकाळी हे लिहायला बसलो होतो, तेवढ्यात त्याने हाक मारली. बैलाने कडब्याला तोंड लावलेले नव्हते. “दादा, हात लावून बघ,” म्हणाला. मी गळ्याखाली हात घातला. ऊन होते, की ताप होता, मला कळले नाही. जनावरांतले मला कळत नाही. सुनेने डॉक्टरांना फोन केला आहे, ते वाटेत आहेत. तिचा फोन ओसरीवर पालथा पडला आहे.

याच्या कानात मूळचाच पिवळा बिल्ला आहे. नंबर जुळतो, मी स्वतः पाहिला. वेळ आलीच तर या खेपेला तो काय करणार, हे त्याला विचारायला हवे. भाऊ बैलाच्या पाठीवर हात ठेवून रस्त्याकडे पाहत उभा आहे, आणि मी अजून विचारलेले नाही.